मदत हवी आहे: जर्मन सायकल पार्ट्सच्या प्राइस लिस्टमधली सूट नक्की किती?

नानापेठकर: सायकलचं दुकान आहे. जर्मनीच्या डिस्ट्रिब्युटरची प्राइस लिस्ट आलीय. 'लेस ३० प्लस १०' आणि वर ५ टक्के रिबेट. म्हणजे ४५ टक्के सुटले ना? शुक्रवारी सही करून पाठवायचीय, पटकन सांगा.

गोळीवाला: ४५ नाही. सूट ४०, रिबेट वर्षअखेरीस वेगळा. आमच्या औषधांच्या स्कीमही अशाच असतात.

तुटकी_चेन: लुधियानाचा माल काय वाईट आहे? मी वीस वर्षं तोच विकतोय.

बंदरकाठ: गोळीवाले, ४० नाही, ३७. शंभराच्या वस्तूवर आधी ३० गेले, उरले ७०. पुढचे १० टक्के त्या ७० वर, म्हणजे ७. हातात ६३ चा भाव. नानापेठकर, रिबेटचं वाक्य जसंच्या तसं टाका.

नानापेठकर: 'नेट पर्चेसेस एक्सीडिंग २०,००० युरो'. आणि त्या १० वर फुली आहे, खाली 'सब्जेक्ट टू अ‍ॅन्युअल कमिटमेंट २५,०००'. हे सगळीकडे असतंच म्हणून लिहिलं नव्हतं.

बंदरकाठ: अहो, मेख तिथेच आहे! फुलीखाली 'शॉर्टफॉल'चं काही आहे का?

नानापेठकर: आहे. कमी पडल्यास जादा सूट 'रीइन्व्हॉइस' करणार म्हणे. पण २६ हजारांचा माल घेतला की १३०० रिबेट येईल ना?

गोळीवाला: येईल. टप्पा ओलांडला की सगळ्या खरेदीवर मिळतो.

बंदरकाठ: तुमच्याकडे मिळत असेल. इथे 'एक्सीडिंग' आहे, म्हणजे २० हजारांच्या वरच्या ६ हजारांवरच. ३०० युरो. 'फ्रॉम फर्स्ट युरो' लिहिलं असतं तर १३००. शिवाय तो बहुधा क्रेडिट नोटने येतो, रोख नाही. कस्टम ड्यूटी तुम्ही बिलाच्या रकमेवर भरून मोकळे झालेले असता, ती परत येईल असं धरू नका.

आता उलट बाजू. वर्षात १८ हजारांचाच माल उचललात, तर १० टक्के परत गेले. ६३ ऐवजी ७० चा भाव लागतो, म्हणजे तोच माल २० हजारांचा झाला. डिसेंबरात २ हजार युरोंचं बिल हातात, आणि माल तर विकून झालेला.

गोळीवाला: असं बिल कोणी लावत नाही हो. संबंध बिघडतात.

बंदरकाठ: मला लावलंय.

नानापेठकर: मागच्या वर्षी मी १४ हजारांचाच घेतला होता. १० सोडून नुसते ३० मागू का? आणि डिसेंबरची ऑर्डर, पण बिल जानेवारीत आलं, तर ती कुठल्या वर्षात?

बंदरकाठ: आधी २५ च्या जागी १५ मागून बघा. वर्षाचं लिस्टमध्ये नसेल तर सहीआधी मेलवर लेखी घ्या. माझ्याकडे बिलाची तारीख धरतात, तुमच्याकडे काय ते त्यांनाच विचारा.

तुटकी_चेन: लुधियानाला हे काही नसतं. फोन केला की माल ट्रकात.