मदत हवी आहे: सबस्क्रिप्शन कॅन्सल करूनही पैसे कापले, तक्रार दरवेळी न सोडवताच बंद करतात

खारूताई
एका ॲपचं वर्षाचं सबस्क्रिप्शन होतं, संपायच्या आठवडाभर आधीच कॅन्सल केलं, "१४ तारखेपर्यंत चालू राहील" असं ॲपमध्ये आलंसुद्धा, आणि १५ ला यूपीआय ऑटोपेतून १,४९९ रुपये गेले. कस्टमर केअर म्हणतं आमच्याकडे कॅन्सल दिसत नाही, आणि टिकेट बंद. परत विचारलं की नवा नंबर, नवा माणूस, पहिल्यापासून सगळं रामायण. आता ग्रिव्हन्स ऑफिसरला लिहायचंय, तिथेही नाही झालं तर ग्राहक हेल्पलाइन. काय लिहू आणि काय काय जपून ठेवू? कॅन्सलचा स्क्रीनशॉट आहे, पण चॅट विंडो बंद केली की गायब होतं.

भटक्या
मेल बिल सोडा, सरळ १९१५ ला फोन लावा. ते कंपनीला पैसे द्यायलाच लावतात. माझे आले होते.

कोपऱ्यातला
माझं पण वीज बिल तिप्पट आलंय, मीटर बदलल्यापासून. १९१५ ला सांगू का?

बारामाही
@कोपऱ्यातला, विजेचं गाऱ्हाणं वेगळ्या मंचाकडे जातं, त्याचा वेगळा धागा काढा, इथे घोळ होईल.

@भटक्या, तुमचे आले हे बरंच झालं, पण १९१५ वाले कंपनीला हुकूम देऊ शकत नाहीत. ते तक्रार कंपनीकडे पाठवतात, उत्तर मागतात, मागे लागतात. बऱ्याच कंपन्या तेवढ्यावर पैसे परत करतात, पण एखादी "आमचं बरोबर आहे" म्हणाली की तिथे तक्रार बंद होते. पुढे मग ग्राहक आयोग.

खारूताई, आधी कंपनीच्या साइटवर ग्रिव्हन्स ऑफिसरचं नाव आणि मेल शोधा, बहुतेक वेळा अगदी तळाशी किंवा अटींच्या पानात दडवलेलं असतं. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ते देणं बंधनकारक आहे, आणि तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत, निवारण महिन्याभरात. म्हणून चॅट नको, मेलच करा, त्यालाच तारीख असते. त्या पानाचाही स्क्रीनशॉट घ्या, पत्ता आणि तारीख दिसेल असा, उद्या पान बदललं तर?

मेल छोटा ठेवा. राग, "मनस्ताप" वगैरे काही नको. साधारण असं:

"अमुक तारखेला सबस्क्रिप्शन रद्द केलं, स्क्रीनशॉट जोडला आहे. १५ तारखेला १,४९९ रुपये कापले, व्यवहार क्रमांक अमुक. टिकेट क्रमांक अमुक आणि अमुक, दोन्ही पैसे परत न करता बंद केली. पूर्ण रक्कम परत करावी आणि तुमच्याकडे रद्द झाल्याची नोंद का नाही ते लेखी कळवावं."

शेवटचं वाक्य गाळू नका. "दिसत नाही" हे त्यांना लेखी द्यावं लागलं की तुमचा स्क्रीनशॉट आणि त्यांचं उत्तर शेजारी शेजारी ठेवता येतं.

खारूताई
आणि बँकेचा मेसेज? "उद्या पैसे कापले जातील" असा आला होता बहुतेक.

बारामाही
तो तर डिलीट करूच नका. ऑटोपेचे पैसे कापायच्या किमान २४ तास आधी कळवावं लागतं, त्या मेसेजची तारीख महत्त्वाची. आणि यूपीआय ॲपमध्ये जाऊन मँडेट आजच रद्द करा, ॲपमधलं सबस्क्रिप्शन बंद केलं म्हणजे मँडेट गेलं असं नाही.

चॅटचं म्हणाल तर विंडो बंद करायच्या आधी स्क्रोल करत स्क्रीनशॉट घ्या. फोनवर बोललात तर ठेवल्या ठेवल्या मेल टाका, "आत्ता अमुक वाजता अमुक यांच्याशी बोलणं झालं, त्यांनी असं सांगितलं, चुकीचं असेल तर कळवा". उत्तर नाही आलं तरी तुमच्याकडे त्याच वेळची नोंद राहते. आणि टिकेट बंद केल्याचा मेल आला की त्याच मेलला रिप्लाय करा, "समाधान झालेलं नाही". नवीन टिकेट काढलं की जुनी तारीख मागे पडते.

निवांत
मी तर सगळं एका एक्सेल शीटमध्ये टाकते: तारीख, वेळ, कुठून बोलले, कोण बोललं, काय म्हणाले, नंबर. हेल्पलाइनवाल्यांनी विचारलं तेव्हा वाचून दाखवलं, शोधाशोध नाही. मराठीतही बोलतात ते.

बारामाही
बरोबर. फोन लागत नसेल तर consumerhelpline.gov.in वर तक्रार टाकता येते, कागद तिथेच जोडायचे. मिळालेला डॉकेट नंबर शीटमध्ये पहिल्या ओळीत. आयोगात जायची वेळ आली तर कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही.

भटक्या
पण मग महिना थांबायचं का आधी? मी तर थांबलो नव्हतो.

बारामाही
थांबायलाच हवं असं नाही. पण आधी ऑफिसरला लिहिलेलं असेल तर कंपनीला "आमच्याकडे आलेच नाहीत" म्हणता येत नाही. महिना कस्टमर केअरच्या पहिल्या तक्रारीपासून मोजायचा की ऑफिसरच्या मेलपासून, यावर मात्र कंपन्या हमखास वाद घालतात. म्हणून मी दोन्ही तारखा लिहितो.

खारूताई
मँडेट रद्द केलं. मेल पाठवला, पोच नाही आली अजून, ४८ तास उद्या संध्याकाळी होतात. नाही आली तर हेल्पलाइनला तेवढंच कारण सांगून तक्रार टाकता येते का?

निवांत
मी टाकली असती.