जॅकपॉट फुगला की तिकीट फायद्यात येतं का?

> "पुतण्या अमेरिकेत आहे. म्हणतो, जॅकपॉट साठत साठत दीडशे कोटी डॉलरच्या वर गेला की 2 डॉलरचं तिकीट गणितानं फायद्याचंच. खरं का?"

भाऊ, पुतण्याचा भागाकार बरोबर आहे, पण तो फार लवकर थांबला. जानेवारी 2016 ची अमेरिकेतली पॉवरबॉल लॉटरी घ्या. जॅकपॉट 158.6 कोटी डॉलर, शक्यता 29.22 कोटीत एक. भागलं की तिकिटामागं 5.43 डॉलर येतात. इथंच लोक उडी मारतात.

पण जाहीर आकडा तीस वर्षांच्या हप्त्यांचा असतो. एकरकमी घ्यायचे तर 98.35 कोटीच, म्हणजे 3.37 डॉलर. केंद्राचा कर साधारण चाळीस टक्के धरला की उरले 2.03. छोट्या बक्षिसांचे तीसेक सेंट मिळवले तर अजूनही नफाच दिसतो!

खरी गोम पुढं आहे. सोयाबीनला भाव आला की मोंढ्यात गाड्यांची रांग लागते, तसंच इथं होतं. तिकिटं इतकी खपतात की तुमच्याखेरीज सरासरी दोघांना तरी तोच नंबर लागावा. मग तुमच्या वाट्याला सरासरी 43 टक्केच येतात, म्हणजे 87 सेंट. छोटी बक्षिसं धरून झाले सव्वा डॉलरच्या आत. त्या सोडतीत तिघे विजेते निघालेच.

व्हर्जिनियात 1992 साली मात्र गणित जुळलं होतं: आकड्यांच्या सुमारे 70 लाख जुळण्या, 1 डॉलरचं तिकीट, 2.7 कोटींचा जॅकपॉट. एका ऑस्ट्रेलियन गटानं लाखो तिकिटं घेऊन तो जिंकला. तरी सगळ्या जुळण्या वेळेत विकत घेणं त्यांनाही जमलं नाही.