चहाचं दुसरं दुकान टाकू का? डिस्काउंटिंगचा हिशोब जमत नाहीये (जळगाव)

चौफुलीवाला चहा
राम राम मंडळी. अजिंठा चौफुलीजवळ माझी चहाची टपरी आहे, वय २४. एमआयडीसीच्या बाजूला एक छोटा गाळा मिळतोय, करार ३ वर्षांचा. खर्च १,२०,००० आणि त्यातले २०,००० डिपॉझिट. पोऱ्याचा पगार, दूध, गॅस, भाडं जाऊन वर्षाला ५०,००० सुटतील. म्हणजे दीड लाख येतात, ३०,००० फायदा. पण मित्र म्हणतो, आधी डिस्काउंटिंग कर. ते कसं करायचं?

भुसावळकर
भो, डिस्काउंट देऊ नको! मी नाश्त्यावर सूट दिली होती. बंद केली तर गिऱ्हाईक रुसलं.

वर्षा, धुळे
सूट नाही हो, ते पुढच्या पैशाची आजची किंमत विचारताहेत. एफडीचे ७ टक्के धरा. तीन वर्षांचे दीड लाख आजचे साधारण १,३१,००० होतात. घ्या गाळा.

दाणाबाजार
ताईंची रीत बरोबर, दर चुकला. दादा, पैसे कुठून आणणार?

चौफुलीवाला चहा
सगळे पतसंस्थेतून, १५ टक्क्यांनी.

दाणाबाजार
मग दर १५ च्या खाली धरायचाच नाही. आमच्याकडे हुंडी वटवायचे तेच हे. तीन महिन्यांनी मिळणारे पैसे आज हवे असतील तर वटाव कापून कमीच मिळायचे. पहिल्या वर्षाचे ५०,००० भागिले १.१५, आजचे ४३,५००. दुसऱ्याचे दोनदा भागा, ३७,८००. तिसऱ्याचे तीनदा, ३२,९००. बेरीज १,१४,२००. घातले १,२०,०००, म्हणजे ५,८०० कमी.

वर्षा, धुळे
पण डिपॉझिट परत मिळेल ना? ते धरलंच नाही तुम्ही.

दाणाबाजार
खरंय, राहिलं माझ्याकडून. पण ते तीन वर्षांनी मिळणार, आजचे १३,१५० च. आता ७,३०० वर आलात. तरी हे फार नाजूक आहे. वर्षाची कमाई ४६,८०० च्या खाली गेली की तोटा. म्हणजे दिवसाला ९ रुपये कमी पडले तरी संपलं. मे महिन्यात ऊन ४५ ला टेकतं, तेव्हा दुपारी चहा किती जातो ते तुम्हालाच माहीत. ५०,००० काढताना उन्हाळा धरला होता का?

चौफुलीवाला चहा
नाही. हिवाळ्याच्या खपावरून काढले.

दाणाबाजार
मग आधी तो आकडा नीट करा. उन्हाळा कमाईत कापला की त्याच भीतीपोटी दर वाढवू नका, एकच गोष्ट दोनदा कापली जाते. आणि तुमचेच जुने गिऱ्हाईक नव्या गाळ्यावर गेले तर ती नवी कमाई नाही.

भुसावळकर
इतका हिशोब केला असता तर मी हॉटेल टाकलंच नसतं, भो. चालतंय ना आज.

चौफुलीवाला चहा
आज सकाळी ७ ते ९ मोजलं. ८६ कप गेले, त्यातले ३१ एमआयडीसीत कामाला जाणाऱ्यांचे. हे तिकडेच पितील. आठवडाभर असंच मोजतो. गाळामालकाला विचारलं, डिपॉझिट परत देण्याचं करारात लिहून द्याल का? म्हणाला, "बघू."