पालकसभेतलं ‘मोबाइल काढून घ्या’ भाषण

रामबागकर: शनिवारी शाळेच्या पालकसभेत एका वडिलांनी माइक सोडलाच नाही. म्हणणं एकच: बारावी होईपर्यंत मुलांचे मोबाइल काढून घ्या, ऑनलाइन सट्टा आपोआप बंद. टाळ्या पडल्या. मलाही पटलं. इंदुरात बाकीच्यांचं काय मत?

काउंटरवाला: टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी मुलाच्या खात्याचं स्टेटमेंट किती जणांनी पाहिलंय? मी बँकेत बसतो, म्हणून विचारतो. ऑगस्ट 2025 मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा आला, पैसे लावायचे देशी अ‍ॅप बंद झाले. पोरं टेलिग्रामवर गेली. तिथे कोणीतरी सट्ट्याच्या साइटचा ‘आयडी’ देतो, क्यूआर पाठवतो. पैसे जातात ते कुणा एका माणसाच्या नावावर, आणि ते नाव सारखं बदलत राहतं, कारण खाती भाड्याची. मॅच चालू असताना शंभर-दोनशेच्या नोंदी, दर वेळी अनोळखी नाव, हे दिसलं की ओळखा.

हरणं दिसतं तरी, जिंकणं जास्त महागात पडतं. अकरावीतल्या एकाला साडेतीन हजार आले. ज्या खात्यातून आले त्यावर परराज्यात फसवणुकीची तक्रार होती. साखळीत ह्याचंही खातं गोठलं, आत क्लासच्या फीचे अठरा हजार. वडील आमच्यावरच ओरडले. पण पोलिसांच्या सांगण्यावरून लागलेला होल्ड आम्ही मनाने काढू शकत नाही. त्या ठाण्याशी पत्रव्यवहार करावा लागतो. मोबाइल तोवर कपाटात होता, बरं का!

दोन_मुलांची_आई: मोबाइल काढून घ्या म्हणे! आमच्या शाळेचा गृहपाठ रात्री साडेनऊला व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. प्रोजेक्टचा पीडीएफही तिथेच. आधी शाळेला सांगा की डायरीत लिहून द्या.

रामबागकर: ताई, विषय सट्ट्याचा आहे.

दोन_मुलांची_आई: मोबाइल हातात दिला कोणी, हाच विषय आहे! सभेत हे बोलले तर मॅडम म्हणाल्या, वेळ संपली. त्या गृहस्थांना बरा वेळ मिळाला.

सराफा_रात्री: आमच्याकडेही तेच, गृहपाठ ग्रुपवर, आणि वर आया तिथे गुड मॉर्निंग टाकतात. असो. नव्या कायद्यात खेळणाऱ्यालाही तीन वर्षं आहेत. पोरांना तेवढं सांगा, घाबरतील.

काउंटरवाला: तीन वर्षं आणि एक कोटीपर्यंत दंड चालवणाऱ्याला. नुसतं खेळणाऱ्याला त्या कायद्यात शिक्षा नाही. खोटी भीती घातलीत तर खातं गोठल्यावर पोरगा घरी सांगणारच नाही. आणि पैसे बुडाले तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करायचा, तोही उशिरा होईल.

सराफा_रात्री: बरं बाबा, तुम्ही बँकवाले, तुमचंच खरं. पण सोळा वर्षांच्या पोराचं स्टेटमेंट चोरून वाचायचं?

काउंटरवाला: चोरून कशाला? समोर बसवून.

सराफा_रात्री: माझा पोरगा बसतो समोर? या एकदा आमच्याकडे.

रामबागकर: ठीक, मोबाइलने भागत नाही, मान्य. पण त्या वडिलांनी निदान तोंड तरी उघडलं. आपण मागच्या रांगेत बसून चहाची वाट बघत होतो.

दोन_मुलांची_आई: मी पुढच्या रांगेत होते. आणि डायरीचं काय झालं, ते कोणी सांगेल का?