शब्दचर्चा : ‘न हि वेरेन वेरानि’ मधलं ‘वेर’ म्हणजे द्वेष का?

पाटीवरची_अक्षरं
आमच्या वाचनालयाच्या भिंतीवर धम्मपदातली पाचवी गाथा रंगवायची आहे. मूळ अशी :

न हि वेरेन वेरानि, सम्मन्तीध कुदाचनं।
अवेरेन च सम्मन्ति, एस धम्मो सनन्तनो॥

खाली मराठी अर्थ हवा. फॉरवर्डमध्ये सगळीकडे ‘द्वेषाने द्वेष संपत नाही, प्रेमानेच संपतो’ असं आहे. पण मुळात ‘द्वेष’ही दिसत नाही आणि ‘प्रेम’ही. शिवाय ‘सम्मन्तीध’ कसं तोडायचं? आणि ही गाथा कुणाला उद्देशून आहे? कुणी म्हणतं दोन सवतींना, कुणी म्हणतं भांडणाऱ्या भिक्खूंना.

जुना_मास्तर
सोपं आहे. वेर म्हणजे वैर. पालीत ‘ऐ’ नाही म्हणून ‘ए’. कुदाचनं म्हणजे कदाचन. सम्मन्ति हे सम् + मन्, म्हणजे एकमत होणे, सम्मत होणे. वैराने वैरी कधी एकमत होत नाहीत, असा भाव. हाच श्लोक उदानवर्गात, म्हणजे धम्मपदासारख्याच संस्कृत गाथासंग्रहात आहे आणि तिथे दुसरी ओळ ‘क्षान्त्या वैराणि शाम्यन्ति’ अशी आहे. उद्योगपर्वात युधिष्ठिरही कृष्णाला हेच सांगतो : वैराने वैर शमत नाही, तूप ओतलेल्या अग्नीसारखं वाढतच जातं.

पिंपळपान
मास्तर, तुमच्या उदानवर्गातच तुमचं उत्तर आहे की. तिथे ‘शाम्यन्ति’ आहे, तेच पालीत ‘सम्मन्ति’ झालं. पालीत श, ष, स या तिघांचा एकच ‘स’. आणि ‘म्य’चा ‘म्म’ होतो, रम्यचं रम्म होतं तसा. म्हणजे धातू शम्. वैर शमतं, निवतं. सम्मतीचा इथे संबंध नाही. ‘सम्मन्तीध’ म्हणजे सम्मन्ति + इध, ‘इध’ म्हणजे इथे, या जगात. भिंतीवर मात्र जोडूनच लिहा, तोडलं तर चाल मोडते.

आता ‘द्वेष’. पालीत द्वेषाला वेगळा शब्द आहे, ‘दोस’. तो एकट्याच्या मनात राहू शकतो, समोरच्याला पत्ताही नसतो. वेराला दोन बाजू लागतात आणि मागचा हिशेब लागतो. म्हणूनच या गाथेच्या आधीच्या दोन गाथांत हिशेबच मांडलाय : मला शिवी दिली, मला मारलं, मला हरवलं, माझं लुटलं. असं जे मनात बांधून ठेवतात त्यांचं वेर शमत नाही. तिथलं क्रियापद ‘उपनय्हन्ति’, नह् म्हणजे बांधणे. आपल्याकडे ‘डूख धरणे’ म्हणतात ना, अगदी तेच. तेव्हा माझं मत : अर्थात ‘वैर’च ठेवा. मराठीत चालता-बोलता शब्द असताना द्वेष कशाला आणायचा?

चहाटळ
आणि प्रेम कुठून आलं म्हणे? मूळ गाथा तर ‘वैर नको’ एवढंच म्हणते. वैर नको ते थेट प्रेम, मध्ये एखादा थांबाच नाही?

पिंपळपान
प्रेम बरंचसं इंग्रजी भाषांतरांतून आलं असावं. 1951 च्या सप्टेंबरात सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेत सिलोनचे तेव्हाचे अर्थमंत्री जयवर्धने यांनी जपानकडून युद्धभरपाई न मागण्याची बाजू मांडताना हेच वचन सांगितलं, आणि तिथेही ‘प्रेमाने’च होतं. अट्ठकथा, म्हणजे पाचव्या शतकाच्या सुमाराची पाली टीका, ‘अवेरेन’चा अर्थ लावताना क्षमा आणि मैत्री यांचं पाणी म्हणते. थुंकी-शेंबडाने माखलेली जागा थुंकी-शेंबडानेच धुतली तर स्वच्छ होईल का, असा तिथला दाखला आहे. तेव्हा प्रेम अगदीच परकं नाही, पण ‘अवेर’ या शब्दात ते बसत नाही.

पाटीवरची_अक्षरं
आणि गोष्ट?

सावलीतली_विहीर
मी सांगते, आजीकडून ऐकलेली. दोन सवती होत्या. थोरली वांझ, तिने धाकटीच्या पोटातली मुलं मारली. मग पुढच्या जन्मी एक मांजर, एक कोंबडी. शेवटी एक यक्षिणी झाली आणि बुद्धांनी गाथा म्हटल्यावर तिने पाप सोडलं. हीच खरी गोष्ट, भिक्खूंची नाही.

पिंपळपान
ताई, गोष्ट बरोबर आहे, पण शेवट फार लवकर केलात. खरी गंमत गाथेनंतर आहे.

थोरलीने नवऱ्याला स्वतःच दुसरी बायको करून आणली आणि मग भीतीपोटी पेजभातातून औषध घालून दोनदा तिचा गर्भ पाडला. तिसऱ्या वेळी धाकटीने दिवस गेल्याचं लपवलं. थोरलीला ते कळेपर्यंत गर्भ वाढलेला होता. औषधाने तो आडवा झाला आणि धाकटी मेली. ‘तुझी पोरं खाईन’ म्हणत मेली आणि त्याच घरात मांजर झाली. नवऱ्याने थोरलीला मारून टाकलं, ती तिथेच कोंबडी झाली. मांजरीने अंडी खाल्ली, शेवटी कोंबडीलाही. कोंबडी पुढे बिबटी झाली, मांजर हरिणी. आता पाडसं खायची पाळी बिबटीची. मग हरिणी झाली यक्षिणी आणि बिबटी श्रावस्तीतल्या चांगल्या घरची मुलगी. दर जन्मी पारडं फिरतं. आधी कुणी सुरू केलं हे मांजर-कोंबडीपाशी येईपर्यंत आपणही विसरलेलो असतो, आणि कथेला तेच हवं असावं.

यक्षिणीने त्या बाईची दोन मुलं खाल्ली. तिसऱ्या वेळी बाई माहेरी जाऊन बाळंत झाली. यक्षिणीला मात्र यक्षांचा राजा वैश्रवण याच्याकडे पाणी वाहायची पाळी आलेली, त्यामुळे तिला उशीर झाला. बारशाच्या दिवशी बाई नवऱ्याबरोबर परत निघाली. वाटेत बुद्धांच्या जेतवन विहाराच्या तळ्यावर तो आंघोळीला उतरला, ही मुलाला पाजत उभी. यक्षिणी येताना दिसली तशी धावत विहारात शिरली आणि मूल बुद्धांच्या पायांशी ठेवलं. यक्षिणीला दारावरच्या देवाने अडवलं होतं, बुद्धांनी तिला आत बोलावून घेतलं. ‘तुम्ही इथे आला नसतात तर साप-मुंगसासारखं, कावळा-घुबडासारखं तुमचं वैर कल्पभर चाललं असतं,’ असं म्हणून ही गाथा सांगितली.

मग बाईला म्हणाले, मूल हिच्या हातात दे. ‘भीती वाटते.’ ‘भिऊ नकोस.’ यक्षिणीने मुलाला कुरवाळलं, परत दिलं आणि रडायला लागली. आता मी खाऊ काय? तेव्हा बुद्धांनी बाईला सांगितलं, हिला घरी ने आणि चांगलं पेजभात खाऊ घाल.

चहाटळ
म्हणजे मुलं खाणारी घरातच ठेवून घ्यायची!

पिंपळपान
हो, आणि ते जमलंही नाही सहजासहजी. आधी तिला आढ्यावर ठेवलं. खाली भात कांडताना मुसळ डोक्यात बसल्यासारखं वाटायचं. मग मुसळाच्या खोपीत, रांजणापाशी, चुलीपाशी, वळचणीला, उकिरड्यावर, वेशीपाशी. प्रत्येक जागी तिची तक्रार : इथे पोरं घाण पाणी ओततात, इथे कुत्री लोळतात, इथे मुलं नेम धरतात. शेवटी गावाबाहेर एकांतात जागा दिली आणि जेवण तिथे पोचवायला लागले. बदल्यात ती सांगायची : यंदा पाऊस जोरात आहे, उंचवट्यावर पेर, यंदा ओढ आहे, खोलगटात पेर. हिचं पीक साधायचं, इतरांचं कधी कुजायचं, कधी वाळायचं. कळल्यावर सगळं गाव तिला जेवण द्यायला लागलं.

‘अवेर’ समजायला मला गाथेपेक्षा हा भाग उपयोगी वाटतो. दोघींना प्रेमाचं भरतं आलेलं नाही. जागा सात वेळा बदलावी लागली. पण मुलं मारण्याची फिरती पाळी थांबली.

जुना_मास्तर
शम् मान्य. पण कौशांबीच्या भिक्खूंचं काय? ती कथा विनयात, भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात आहे, म्हणजे तुमच्या अट्ठकथेहून जुनी.

पिंपळपान
जुनीच. शौचकूपाच्या भांड्यात पाणी उरवलं यावरून तिथले भिक्खू दोन तट करून भांडत होते. त्यांना बुद्धांनी दीघावूची गोष्ट सांगितली. काशीच्या ब्रह्मदत्ताने कोसलच्या दीघीतीचं राज्य घेतलं. दीघीती राणीसह वेश पालटून वाराणसीत कुंभाराच्या घरी राहिला. पुढे त्याच्याच जुन्या न्हाव्याने चुगली केली आणि दोघांना वधाला नेलं. गर्दीत मुलगा दीघावू दिसला तसा बाप म्हणाला : ‘बाळ दीघावू, लांब पाहू नकोस, आखूड पाहू नकोस. वैराने वैर शमत नाही, अवैरानेच शमतं.’ लोकांना वाटलं, म्हातारा भ्रमलाय.

मुलगा पुढे हत्तीखान्यात लागला, वीणा वाजवून राजाच्या मर्जीत बसला. एकदा शिकारीत राजा दमून त्याच्याच मांडीवर झोपला. दीघावूने तीनदा तलवार उपसली, तीनदा म्यान केली. राजा दचकून जागा झाला तेव्हा दोघांनी एकमेकांना जीवदान दिलं, आणि बापाच्या बोलण्याचा अर्थ मुलाने उलगडला : ‘लांब’ म्हणजे वैर लांबवू नकोस, ‘आखूड’ म्हणजे मैत्री घाईने तोडू नकोस. मी तुला मारलं तर तुझे लोक मला मारतील, मग माझे त्यांना.

बांधावरचा
मंडळी, थेट विचारतो. चुलतभावाने बांध कोरून माझ्याकडची दोन फूट जमीन घेतली. मोजणीचा अर्ज टाकलाय. तुमचं अवेर म्हणजे अर्ज मागे घ्यायचा का? घरातले हीच गाथा ऐकवतात.

सावलीतली_विहीर
दादा, इथे शब्दाचा अर्थ चाललाय. पण दीघावूला राज्य परत मिळालं ना?

पिंपळपान
मिळालं. ब्रह्मदत्ताने सैन्य, वाहनं, मुलूख, खजिना सगळं दिलं, वर मुलगीही दिली. मोजणी वैर नाही, दादा. रात्री त्याचा बांध कोरायला गेलात तर ते वैर.

जुना_मास्तर
पण दीघावूने मागितलं नव्हतं हेही बघा. तलवार आधी म्यान केली, राज्य नंतर आलं. अर्जाला तुमची गोष्ट आधार देते असं मला वाटत नाही.

बांधावरचा
ब्रह्मदत्त निदान शुद्धीवर आला. आमचा चुलतभाऊ मांडीवर झोपणाऱ्यातला नाही.

चहाटळ
आणि ते भांडणारे भिक्खू? गोष्ट ऐकून गप्प झाले?

पिंपळपान
छे! ‘आपण स्वस्थ राहा, आमचं आम्ही बघतो’ म्हणाले. बुद्ध त्यांना सोडून निघून गेले, पारिलेय्यकाच्या वनात राहिले. गावातल्या उपासकांनी भिक्षा देणं थांबवलं तेव्हा भिक्खू ताळ्यावर आले. तेव्हा ताई, ‘खरी गोष्ट कोणती’ याला माझ्याकडे एकच उत्तर नाही. वचन दोन्हीकडे आहे. यक्षिणीची गोष्ट धम्मपदाच्या टीकेत, दीघावूची विनयात.

पाटीवरची_अक्षरं
मग असं रंगवू का : ‘वैराने वैर इथे कधीच शमत नाही, अवैरानेच शमते, हा सनातन धर्म आहे’?

जुना_मास्तर
‘सनातन धर्म’ आज लोक भलतंच वाचतील. टीका ‘सनन्तनो’चा अर्थ ‘पोराणको’, जुना, एवढाच करते ना? ‘हा फार जुना नियम आहे’ लिहा.

सावलीतली_विहीर
‘धम्म’ काढून ‘नियम’? आमच्या विहारात कुणी ऐकून घेणार नाही.

पाटीवरची_अक्षरं
मग ‘हा पुरातन धम्म आहे’. रंगारी उद्या सकाळी येतोय, कुणाची हरकत असेल तर आजच सांगा.