उ: मशीनचे पैसे कमी का येतात?

> "शुक्रवारी कार्डावर १७,००० ची विक्री झाली, खात्यात सोमवारी १६,२२०.०२ आले. बाकीचे कुठे गेले?"

भाऊ, इतवारीतल्या माझ्या कापडदुकानातही हाच घोळ झाला होता, म्हणून हिशेबच मांडतो. समजा १२,००० क्रेडिट कार्डावर आणि ५,००० डेबिटवर होते. प्रत्येक कार्ड-विक्रीवर बँक आपला आकार कापते; क्रेडिटला त्याचा १.८ टक्के दर धरला तर २१६ रुपये, डेबिटला ०.९ टक्क्याने ४५. या २६१ वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४६.९८. उरले १६,६९२.०२. त्यातून मशीनचं भाडं ४०० अधिक जीएसटी ७२ वजा केलं की बरोबर तुमचा आकडा येतो. भाडं महिन्यातून एकदाच कापतात, म्हणून त्याच दिवशी जास्त खुपतं.

डेबिटवरच्या या आकाराला रिझर्व्ह बँकेची मर्यादा आहे: वार्षिक उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर ०.४० टक्के, त्यावर ०.९०. तुमची उलाढाल कमी असून ०.९० लागत असेल तर बँकेत लेखी अर्ज द्या. रुपे डेबिटवर २०२० पासून हा आकार शून्य आहे. क्रेडिटला अशी मर्यादा नाही, तिथे करारातला दरच चालतो, आणि तो घासाघीस करून कमी होतो बरं का.

उशिराचं कारण बहुतेक बॅच, म्हणजे दिवसभराच्या व्यवहारांचा बँकेकडे एकत्र जाणारा गठ्ठा. रात्री मशीनवर सेटलमेंट न करता शटर ओढलं, तर व्यवहार पुढच्या दिवसाच्या बॅचमध्ये जातात. त्यात दुसरा किंवा चौथा शनिवार आला की सोमवार उजाडतो. सेटलमेंटच्या चिठ्ठीवरची तारीख विक्रीच्या तारखेशी ताडून बघा.