मदत हवी: दोन मुली एकाच शाळेत, फी माफीचा अर्ज कुठे करायचा? (बडोदा)

दांडियाबाजारची: दोन्ही मुली एकाच शाळेत आहेत. सिबलिंग सवलत मागितली तर ऑफिसमधून "आमच्याकडे नाही" एवढंच उत्तर मिळालं. मुलींसाठी सरकारी माफी असते ना? फॉर्म कुठे मिळतो? 15 तारखेच्या आत फी भरायची आहे, लवकर सांगा.

रावपुरा_66: गुजरातमध्ये मुलींना फी नसतेच. शाळा लुटतेय, तक्रार करा.

वाडीवाले_काका: ते सरकारी आणि ग्रँटेड शाळांपुरतं. ताई, शाळा खाजगी आहे का? बोर्ड कोणतं, मुली कितवीत?

केव्ही_पालक: सीबीएसईची सिंगल गर्ल चाइल्ड स्कॉलरशिप बघा. 10 वीनंतर मिळते. माझ्या मुलीला मिळाली.

वाडीवाले_काका: अहो, त्यांना दोन मुली आहेत. ती एकुलत्या एकीसाठी असते.

दांडियाबाजारची: खाजगी, गुजरात बोर्ड. मोठी 9 वीत, धाकटी 6 वीत.

शाळेतला_क्लार्क: सिबलिंग सवलत हा सर्वस्वी शाळेचा निर्णय. कायद्याने मागता येत नाही. ट्रस्टींना लेखी अर्ज द्या. मिळाली तरी बहुतेक धाकटीच्या ट्यूशन फीवरच मिळेल.

मोठीसाठी सरकारची नमो लक्ष्मी योजना आहे, पण ती फी माफी नव्हे. फी तुम्हीच भरायची, पैसे आईच्या खात्यात येतात. 9 वी आणि 10 वीत महिना 500 प्रमाणे वर्षाला 10 महिने, म्हणजे दोन वर्षांचे 10,000. 10 वी पास झाली की आणखी 10,000. 11 वी-12 वीत महिना 750, म्हणजे 15,000 आणि 12 वी पास झाल्यावर 15,000. एकूण 50,000. धाकटीला 9 वीत गेल्यावर.

अर्ज तुम्ही करायचा नसतो, शाळा पोर्टलवर नाव चढवते. वर्गशिक्षकांना विचारा. मोठी 8 वीपर्यंत कुठे शिकली?

दांडियाबाजारची: याच शाळेत, पहिलीपासून.

शाळेतला_क्लार्क: आरटीईतून नव्हती ना? मग आवकचा दाखला लागेल. कुटुंबाची वर्षाची आवक 6 लाखांपर्यंत हवी.

दांडियाबाजारची: ह्यांचा पगार 5 लाख 80 हजार. मी घरी शिवणाचे क्लासेस घेते, ते धरतात का?

रावपुरा_66: कोण बघतंय? लिहू नका.

शाळेतला_क्लार्क: आवक कुटुंबाची विचारतात, तुमचीही आलीच. खोटा दाखला पुढे अंगाशी येईल. दाखला नर्मदा भवनच्या जनसेवा केंद्रातून निघतो.

मांजलपूरची_सून: माझी वहिनी शाळेत शिक्षिका आहे, मुलाला निम्मी फी. पण ऑफिसने ती सवलत पगारात धरून टॅक्स कापला! स्टाफच्या मुलांचंही फुकट नसतं.

वाडीवाले_काका: त्यांनी ते विचारलंच नाही. पण एक सांगतो, हजेरी 80 टक्के लागते. भाचीचे पैसे मात्र वेगळ्याच कारणाने अडकले होते. आईचं खातं आधारशी जोडलेलं होतं, पण डीबीटीसाठी दुसऱ्याच बँकेचं जुनं खातं लागलेलं निघालं. आधी बँकेत विचारून घ्या.

दांडियाबाजारची: माझं खातं जन धनचं आहे, कधी वापरलं नाही. चालेल का?

केव्ही_पालक: केव्हीत टाका. मुलींना ट्यूशन फीच नाही, फक्त महिना 500 विकास निधी आणि 100 कॉम्प्युटर फंड.

वाडीवाले_काका: 9 वीत केव्हीला प्रवेश परीक्षा असते, शिवाय जागा हवी! ताई, खात्याचं पासबुक घेऊन उद्याच बँकेत जा.